सातवा लागला आणि एचबी १०.८ आलं : रक्त पातळ झालंय की खरंच कमी आहे, हे कसं ओळखायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर एएनएम आहे. एकाच दिवशी एकाच बाकावर बसलेल्या दोन बायांबाबत दोन उलट्या चुका होताना मी पाहिल्या, म्हणून हे लिहिते आहे. पहिलीचं एचबी १०.८ आलं तर तिची सासू रडकुंडीला आली, "सिस्टर, इचं रक्त बारावरून दहावर आलं, गेलं कुठी? बाटली लावून द्या ना बाप्पा." आणि दुसरीचं ९.६ होतं, तिला तालुक्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं की पोटुशीपणात रक्तात पाणी वाढते, होते असं, टेन्शन घेऊ नका. पहिलीला काहीच झालं नव्हतं. दुसरीला खरा अ‍ॅनिमिया होता, तोही आधीपासूनचा.

दोघी २६ आठवड्यांच्या होत्या. आशाताई, नवीन सीएचओ, घरची माणसं, सगळ्यांनी हा क्रम धरून चाला. क्रम मोडला की चूक होते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या पायरीलाच होते.

## १. सुई टोचायच्या आधी आठवडे काढा

एचबीचा आकडा आठवड्यांशिवाय वाचताच येत नाही. आणि आपल्याकडे महिना मोजायची पद्धत अशी की "सातवा लागला" म्हणजे सहा पूर्ण झाले. पण ऐकणारा सात पूर्ण धरतो, तिसरी तिमाही समजतो आणि चुकीची सीमारेषा लावून मोकळा होतो.

पाळीची तारीख विचारली तर बाई तारीख नाही सांगत, सण सांगते. दोघीही म्हणाल्या, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पाळी आली होती. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता, म्हणजे तान्हा पोळा ३ सप्टेंबर. आम्ही तपासलं ४ मार्च २०२५ ला. दिवस मोजले तर १८२, भागिले ७ म्हणजे बरोबर २६ आठवडे. घरच्यांच्या हिशेबात सातवा महिना, पण तिमाही दुसरीच.

तिमाही अशा धरा: १३ आठवडे पूर्ण होईपर्यंत पहिली, १४ व्यापासून २७ वा पूर्ण होईपर्यंत दुसरी, २८ पासून तिसरी. सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरचे आठवडे पाळीच्या तारखेशी जुळवून बघा, फरक दिसला तर डॉक्टरला विचारून कोणती तारीख धरायची ते एकदाच ठरवा आणि कार्डावर लिहून टाका.

तपासा: कार्डावर एचबीच्या शेजारी आठवडे लिहिलेत का? नुसता महिना लिहिला असेल तर आधी ते दुरुस्त करा.

## २. रक्त नीट घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया

१०.८ आणि १०.३ मध्ये फरक अर्ध्या ग्रॅमचा, आणि बोट दाबून रक्त काढलं तर तेवढा फरक नुसत्या दाबण्यानेच पडतो, कारण रक्तासोबत मांसातलं पाणीही बाहेर येते. म्हणजे जे रक्त पातळ आहे की नाही हे आपल्याला बघायचं आहे ते आपणच पातळ करतो.

बाईला दहा मिनिटं बसवा. उन्हातून चालत आली असेल तर पाणी द्या. हात थंड असेल तर कोमट पाण्याने धुवायला सांगा, मधल्या किंवा अनामिकेच्या बोटाच्या बाजूला टोचा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, नंतरचा थेंब आपोआप फुगू द्या. येत नसेल तर पिळू नका, दुसऱ्या बोटाला टोचा, बाई दोन मिनिटं कुरकुर करेल पण आकडा खरा येईल. डिजिटल मशीनची स्ट्रिप एकाच थेंबात भरली पाहिजे.

साहलीच्या नळीवर करत असाल तर आम्लात रक्त टाकल्यावर दहा मिनिटं थांबायचंच. गर्दीच्या दिवशी दोन-तीन मिनिटांत रंग जुळवतात, तेव्हा रंग पूर्ण चढलेला नसतो आणि एचबी कमी दिसते. पिपेटच्या बाहेर लागलेलं रक्त न पुसता तसंच नळीत गेलं तर उलट जास्त दिसते.

थांबा: एप्रिल-मे मध्ये स्ट्रिपचा डबा गाडीच्या डिक्कीत ठेवून गावोगाव फिरू नका. डब्यावर किती तापमानापर्यंत ठेवायचा ते छापलेलं असतं, आणि आपल्या उन्हात डिक्की त्याच्या कितीतरी वर जाते. झाकण उघडं राहिलेल्या डब्यातल्या स्ट्रिपाही वापरू नका.

बोटाचा आकडा सीमारेषेच्या आसपास आला तर त्याच्यावर निकाल द्यायचा नाही, शिरेतलं रक्त घेऊन सीबीसी करायची. सलाईन लावलेल्या हातातून तर कधीच घेऊ नका.

## ३. रक्त पातळ होतं म्हणजे नेमकं काय, हिशेब करून बघा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा सावकाश. एचबीचा आकडा अंगात एकूण हिमोग्लोबिन किती ते सांगत नाही, एक डेसिलिटर रक्तात, म्हणजे १०० मिलीत किती ग्रॅम आहे ते सांगतो.

समजण्यापुरती एक बाई घ्या. दिवस राहण्याआधी तिच्या अंगात ४००० मिली रक्त, त्यात २६०० मिली प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पाणीदार भाग आणि १४०० मिली लाल पेशी. एचबी १२. म्हणजे अंगात एकूण हिमोग्लोबिन ४८० ग्रॅम.

आता दिवस राहिल्यावर किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, हा हार्मोनचा हुकूम असतो, बाईने किती पाणी प्यायलं त्याच्याशी संबंध नाही. सव्वीस-अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत प्लाझ्मा समजा ४० टक्के वाढला, झाला ३६४० मिली. लाल पेशीही वाढतात पण हळू, समजा २० टक्के, झाल्या १६८० मिली. एकूण रक्त ५३२० मिली. हिमोग्लोबिन पेशींसोबत वाढलं, ४८० चं ५७६ ग्रॅम. आता ५७६ ला ५३.२ ने भागा, उत्तर येते १०.८.

म्हणजे या बाईच्या अंगात आधीपेक्षा ९६ ग्रॅम हिमोग्लोबिन जास्त आहे आणि तरी आकडा बारावरून १०.८ वर उतरला. मी सासूला हे वरणावर सांगितलं, डाळ वाढवली पण पाणी त्याहून जास्त वाढवलं, गंजात डाळ पहिलेपेक्षा जास्तच आहे पण वाटीत पातळ दिसते. ती लगेच म्हणाली, "मंग डाळ गेली कुठीच नाई." बरोबर, गेली कुठीच नाही.

पुढे काय होते ते पण बघा, कारण सीमारेषा वर-खाली का होते त्याचं उत्तर तिथेच आहे. बत्तीस-चौतीस आठवड्यांनंतर प्लाझ्माची वाढ जवळपास थांबते पण लाल पेशी वाढतच राहतात, अर्थात लोह मिळत असेल तर. समजा ३८ व्या आठवड्यात प्लाझ्मा ३७०० मिली आणि पेशी सुरुवातीपेक्षा ३० टक्के जास्त, म्हणजे १८२० मिली. हिमोग्लोबिन ६२४ ग्रॅम, रक्त ५५२० मिली, आकडा ११.३. निरोगी बाईचा आकडा मध्ये खाली जातो आणि शेवटी थोडा परत वर येतो.

थांबा: "पाण्यानं रक्त पातळ होते" म्हणून गरोदर बाईचं पाणी तोडणारी घरं अजून आहेत. असं करू नका. पाणी कमी केल्याने पेशी वाढत नाहीत, चक्कर येते आणि लघवीला जळजळ होते.

## ४. आता सीमारेषा लावा

पहिल्या तिमाहीत ११ च्या खाली, दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली, तिसऱ्या तिमाहीत परत ११ च्या खाली आलं तर अ‍ॅनिमिया. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात हेच आकडे दिलेत. अशा रेषा कशा काढतात तर, ज्यांना लोहाची कमतरता नाही अशा निरोगी गरोदर बायांचे आकडे त्या-त्या तिमाहीत मांडतात आणि सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांच्या जागी रेष ओढतात. दुसऱ्या तिमाहीत निरोगी बायाच खाली असतात म्हणून रेषही अर्धा ग्रॅम खाली.

पण आपल्या कार्यक्रमात, म्हणजे अ‍ॅनिमिया मुक्त भारतमध्ये, संपूर्ण गरोदरपणाला एकच रेष आहे, ११. दहा ते १०.९ सौम्य, सात ते ९.९ मध्यम, सातच्या खाली तीव्र. म्हणून रजिस्टरात १०.८ वाली बाई सौम्य अ‍ॅनिमियात जाईल, आणि जाऊ द्या, रजिस्टर कार्यक्रमाच्या नियमानेच भरायचं आणि गोळ्यांचा डोस मेडिकल ऑफिसर ठरवतील तोच. तिमाहीची रेष तुम्हाला वेगळ्या कामाची आहे, कोणाच्या मागे आधी लागायचं आणि कोणाच्या घरच्यांना शांत करायचं ते ती सांगते.

माझ्या मते ही अर्ध्या ग्रॅमची सूट आपल्या भागात फार जपून वापरायची गोष्ट आहे. ती फक्त १४ ते २७ आठवड्यांसाठी आहे आणि १०.५ ला संपते. दुसरीचं ९.६ तिच्यात कुठेच बसत नव्हतं. नुसत्या पातळ होण्याने चांगल्या रक्ताची बाई ९.६ ला येत नाही, एवढं एक वाक्य पक्कं लक्षात ठेवा.

तपासा: आकडा २८ व्या आठवड्याच्या जवळचा असेल तर आठवडे परत मोजा. २७ आठवड्यांना १०.७ चालते, तेच १०.७ चौतीसाव्या आठवड्यात अ‍ॅनिमिया आहे.

## ५. मागचा आकडा काढा

पहिल्या तिमाहीतलं एचबी हा बाईचा स्वतःचा पाया. तेव्हा पाणी वाढायला नुकतीच सुरुवात झालेली असते. दहाव्या आठवड्यात, १२ नोव्हेंबरला, पहिलीचं १२.० होतं. दुसरीचं १०.९. कार्डावर लिहिलेलं होतं, पण "एक पॉईंटच कमी आहे" म्हणून कोणी थांबलं नाही. पहिल्या तिमाहीत ११ च्या खाली म्हणजे ती कमी रक्त घेऊनच गरोदरपणात शिरली, वरून पाणी वाढणार हे ठरलेलंच होतं. त्यात तिला तेव्हा उलट्या खूप होत्या. उलट्यांनी अंगातलं पाणी आटते आणि एचबी खोटं वर दिसते, म्हणजे खरा आकडा १०.९ पेक्षाही कमी असू शकतो.

पहिल्या तपासणीचा आकडाच नसेल, उशिरा नोंदणी झाली असेल, माहेरी सुरुवात झाली असेल तर अंदाज बांधत बसू नका, सरळ सीबीसी.

## ६. सीबीसीमध्ये एमसीव्ही बघा

रिपोर्ट हातात आला की सगळे वरचं एचबी वाचतात आणि कागद घडी करतात. खालच्या दोन ओळी वाचा, निकाल तिथे आहे. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचा सरासरी आकार, आणि आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात आपसात किती फरक आहे ते. रक्तात पाणी वाढलं तर पेशी दूर-दूर होतात, लहान होत नाहीत. लोह कमी पडलं तर मात्र शरीर लहान आणि फिक्या पेशी बनवते.

पहिलीचा रिपोर्ट असा: एचबी १०.८, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १३.४. पेशी पूर्ण आकाराच्या, सगळ्या सारख्या. हे पातळ झालेलं चांगलं रक्त.

दुसरीचा: एचबी ९.६, एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १८, पेशींची संख्या ४.३. एमसीव्ही ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान. आरडीडब्ल्यू जास्त म्हणजे काही जुन्या ठीक पेशी, काही नव्या बारीक, अशी मिसळ. हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. थॅलेसेमियाच्या वाहक बाईचीही पेशी लहान असते, म्हणून एक छोटा भागाकार करून बघायचा, एमसीव्ही भागिले पेशींची संख्या. इथे ७२ भागिले ४.३ म्हणजे जवळपास १६.७. तेराच्या वर असलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असलं तर थॅलेसेमियाची तपासणी सुचवा. हा नुसता कल आहे, निदान नाही.

एमसीव्हीच्या दोन मर्यादा सांगते. लोह संपायला लागलं की आधी साठा रिकामा होतो, एचबी नंतर उतरते आणि पेशी तर आणखी उशिरा लहान दिसतात. म्हणून एमसीव्ही चांगला आहे म्हणून पहिलीने गोळी बंद करायची नाही. साठा बघायचा तर फेरिटिन लागते, ते ३० च्या खाली असेल तर साठा रिकामा होत चाललाय असं धरतात. दुसरी मर्यादा, बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात आणि लोह कमी असेल तर लहान, दोन्ही एकत्र असलं की सरासरी नॉर्मल दिसते. एचबी कमी, एमसीव्ही नॉर्मल, पण आरडीडब्ल्यू चढलेला, असं दिसलं तर डॉक्टरला दाखवाच.

## ७. आपल्या भागात सिकलसेल विसरून चालत नाही

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, या पट्ट्यात हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. सिकलसेलच्या रुग्ण बाईचं एचबी नेहमीच सात-आठ-नऊ असू शकते आणि एमसीव्ही पुष्कळदा नॉर्मल असतो, म्हणजे वरच्या पायरीवर ती "पातळ रक्त" म्हणून निसटू शकते. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण ते त्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. वाहक बाईचं एचबी साधारण नॉर्मल असते, म्हणून तिचं कमी आलं तर "सिकल आहे ना, असंच असते" म्हणून सोडू नका, दुसरं कारण शोधा. आणि रुग्ण बाईला लोहाचा साठा न तपासता जास्तीच्या गोळ्या चालू करायच्या नाहीत, ती जोखमीची माता आहे, तिला वरच्या दवाखान्यात पाठवायचं.

आमच्या दोघींची टेस्ट निगेटिव्ह होती.

## ८. काय करायचं, आणि एक महिन्याने काय बघायचं

पहिलीला तिची रोजची लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एकच चालू ठेवली, महिन्याने परत तपासणी. बाटली नाही. तसंही सलाईनमध्ये मीठ-पाणी असते, रक्त नसते, त्याने रक्त आणखी पातळ होते. पाचशे-सातशे रुपये देऊन "ताकदीची बाटली" लावून येणाऱ्या घरांचं मला खरंच वाईट वाटते, तेवढ्यात महिनाभराची अंडी येतात.

दुसरीला दोन गोळ्या. जंताची गोळी तिने चौथ्या-पाचव्या महिन्यात घेतलीच नव्हती, ती अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिली. मग विचारलं गोळी कशी घेते, तर सकाळी चहासोबत, आणि कॅल्शियमची गोळी पण त्याच घोटात, म्हणजे एकदाच काम होते. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी चहाच्या आणि कॅल्शियमच्या दोन तास अलीकडे-पलीकडे, लिंबूपाण्यासोबत घ्यायला सांगितली. मळमळलं तर झोपताना घे पण सोडू नको, आणि शी काळी होईल तर घाबरू नको.

महिन्याने निदान एक ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. पातळ होणं चालू असतानाही गोळी लागू पडली तर आकडा चढतो. नाही चढला तर गोळी खरंच पोटात जाते का ते आधी बघा, पाकीट मागा आणि रिकामे खाचे मोजा. जात असूनही चढत नसेल तर पुढे पाठवा. उशिरा सापडलेल्या बाईला गोळीला पुरेसा वेळच नसतो, तिच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात, ते डॉक्टर ठरवतील.

थांबा, हे घरी बसून बघायचं नाही: एचबी सातच्या खाली, किंवा आकडा कितीही असो पण बसल्या जागी धाप लागते, झोपलं की श्वास अडकतो, अंगावर सूज आहे, रक्त जाते आहे. त्याच दिवशी १०२ ला फोन करून दवाखान्यात. सातच्या खाली आणि तिसरी तिमाही असेल तर भरतीच, पाचच्या खाली असेल तर कोणत्याही महिन्यात भरती आणि रक्त.

हेही तपासा: तिसऱ्या तिमाहीत १३ च्या वर आकडा आला तर घरचे खूश होतात. पण पातळ व्हायला पाहिजे ते रक्त पातळच झालं नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. त्याच बैठकीत बीपी घ्या, लघवीतलं अल्ब्युमिन बघा, पायावरची सूज बघा, बाळाची वाढ विचारा.

## ९. कार्डावर असं लिहा

आमच्या दोघींची पुढची नोंद देते, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल. १ एप्रिलला, ३० आठवडे: पहिली ११.०, गोळी एक चालू, बीपी ठीक. दुसरी १०.७, महिन्यात १.१ ने वाढ, दोन गोळ्या चालू. दुसरीची सासू म्हणाली, आता तर पहिलीच्या बरोबरीला आली, एक गोळी बंद करू का. नाही, कारण मार्चमधलं पहिलीचं १०.८ दुसऱ्या तिमाहीतलं होतं, हिचं १०.७ तिसऱ्या तिमाहीतलं आहे आणि इथे रेष ११ ला आहे. २९ एप्रिलला, ३४ आठवड्यांना, तिचं ११.३ आलं. त्याच्या पुढे लिहिलं: सीबीसीने तपासलं, एमसीव्ही ७९, साठा अजून भरायचा आहे, दोन गोळ्या बाळंतपणापर्यंत डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू, नंतर सहा महिने रोज एक.